कोश उघडण्यापूर्वी

अनोळखी शब्द भेटला की दोन प्रकारची माणसे दोन गोष्टी करतात. काहीजण तो ओलांडून पुढे जातात आणि काहीजण ताबडतोब शब्दकोशाकडे धावतात. पहिल्यांच्या पदरात काहीच पडत नाही हे उघड आहे. पण दुसऱ्यांच्या पदरातही पुष्कळदा नको तेच पडते. कोशात एका शब्दाचे तीन-चार अर्थ दिलेले असतात आणि त्यातला आपला कोणता, हे कोश सांगत नाही. ते वाक्यच सांगू शकते. म्हणून कोश उघडण्यापूर्वी शब्दाचा अर्थ स्वतः ताडून पाहावा, असे मला वाटते. ताडणे म्हणजे अंदाजपंचे ठोकणे नव्हे. त्याची एक रीत आहे, आणि बँकेच्या कागदांवर तीस-पस्तीस वर्षे सह्या करताना ती अंगवळणी पडते.

एक उदाहरण सविस्तर पाहू. कर्ज फिटल्यावर बँक किंवा सोसायटी शेतकऱ्याला पत्र देते. त्यात साधारण असे वाक्य असते: ‘सदर खातेदाराचे कर्ज बेबाक झाले असून त्यांच्या जमिनीवरील आमचा बोजा कमी करण्यास हरकत नाही.’ आता ‘बेबाक’ हा शब्द आपल्याला ठाऊक नाही असे समजा.

पहिले काम म्हणजे त्या शब्दावर बोट ठेवून उरलेले वाक्य वाचायचे. कर्जाचे काहीतरी ‘झाले’ आहे. म्हणजे घडून गेलेली गोष्ट आहे. आणि ते झाले ‘असून’ बोजा काढायला हरकत राहिलेली नाही. या ‘असून’मध्ये अर्धे उत्तर आहे, कारण पुढची सवलत मागच्या घटनेमुळे मिळते आहे. कर्ज वाढले, थकले किंवा मंजूर झाले, तर कोणती बँक बोजा सोडील? म्हणजे शब्द काय आहे हे पाहण्याआधीच रिकामी जागा ‘फिटले’ असे काहीतरी मागते आहे.

दुसरे काम शब्द फोडण्याचे. बे आणि बाक. ‘बे’ची भावंडे आपल्या ओळखीची आहेत. बेकायदा, बेवारस, बेहिशेबी, बेदखल. फारसीतून आलेला हा ‘बे’ जिथे लागतो तिथे काहीतरी ‘नसते’. राहिला ‘बाक’. शाळेतला बसायचा बाक इथे बसत नाही. पण कर्जाच्या परिसरात त्याच्यासारखे कोण राहते ते पाहा: बाकी, बाकीदार, थकबाकी. मग बेबाक म्हणजे ज्यात बाकी उरली नाही ते. वाक्याने मागितले होते तेच मुळानेही दिले.

तिसरे काम लोक हमखास विसरतात. काढलेला अर्थ परत वाक्यात ठेवून वाचायचा. ‘कर्जाची काही बाकी न राहता ते फिटले असून बोजा कमी करण्यास हरकत नाही.’ वाक्य सुरळीत चालले, आता खुशाल कोश उघडा. मोल्सवर्थचा १८५७ सालचा कोश किंवा दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश, कोणताही चालेल. आता तुम्ही तिथे विचारायला नव्हे, ताळा करायला जात आहात.

ही रीत सोडून नुसत्या सारखेपणावर विसंबले की काय होते, तेही मी पाहिले आहे. तालुक्याच्या एका शाखेत असताना एक वयस्क शेतकरी कॉलेजात शिकणाऱ्या मुलाला घेऊन आले होते. मुलाला हिंदी वर्तमानपत्रांतला ‘बेबाक’ माहीत होता. बेबाक म्हणजे निर्भीड, सडेतोड. त्याने ते पत्र बँकेने केलेली वडिलांची तारीफ म्हणून वाचले होते, आणि वडिलांनी ती अभिमानाने ट्रंकेत घालून ठेवली होती. पत्र तलाठ्याकडे गेलेच नाही. त्यामुळे सातबाऱ्यावर ‘इतर हक्क’ या रकान्यात फिटलेल्या कर्जाचा बोजा चार वर्षे तसाच राहिला. मुलीच्या लग्नाच्या वेळी जमिनीचा तुकडा विकायला काढला, तेव्हा घेणारा उतारा पाहून मागे फिरला आणि मग ही मंडळी आमच्याकडे आली. पत्र शाबूत होते म्हणून फेरफार होऊन बोजा निघाला, पण तोवर गिऱ्हाईक दुसरीकडे गेले होते.

यात मुलाचे ज्ञान खोटे नव्हते. हिंदी-उर्दूतला तो शब्द खराच तसा आहे, फक्त त्याचे मूळ निराळे. फारसीत ‘बाक’ म्हणजे भय. ज्याला भय नाही तो बेबाक. आपल्या खात्यातला बेबाक अरबी ‘बाकी’च्या पोटचा. दोन वेगळ्या घरांतली माणसे एकाच नावाची असावीत, तसा हा प्रकार. पण ‘कर्ज निर्भीड झाले असून’ हे वाक्य एकदा मोठ्याने वाचले असते, तरी खटकले असते. मूळ फसवू शकते, सारखेपणा तर हमखास फसवतो. अशा वेळी वाक्य सहसा सांभाळून घेते.

असे चकवे पुष्कळ आहेत. बेचाळीसमधला ‘बे’ हा ‘नसलेला’ नाही, पाढ्यातल्या ‘बे एके बे’मधला दोन आहे. बेगम हा शब्द ‘बे’ आणि ‘गम’ असा फोडून तिला दुःखरहित करता येत नाही. तो तुर्की शब्द आहे. बँकेतला नामी चकवा म्हणजे ‘अनामत’. संस्कृत शिकलेला माणूस त्यात ‘अ’ आणि ‘नाम’ पाहतो आणि बिननावाची रक्कम असा अर्थ लावतो. पण निवडणुकीत उमेदवाराची अनामत जप्त होते, ती त्याच्याच नावावर जमा असते. वाक्यात अर्थ बसत नाही, म्हणजे फोड चुकली. मूळ अरबी शब्द ‘अमानत’, विश्वासाने सोपवलेली ठेव. मराठीच्या तोंडी म आणि न यांनी जागा बदलल्या, एवढेच. ईमान आणि अमीन हे त्याचे सख्खे नातलग. अशा ठिकाणी कोशाचा खरा उपयोग होतो. मोल्सवर्थ शब्दापुढे तो संस्कृत, फारसी की अरबी याची खूण देतो. माधवराव पटवर्धनांनी, म्हणजे कवी माधव जूलियन यांनी, १९२५ साली फार्शी-मराठी कोशच सिद्ध केला. फोड कुठे करावी हे ज्याला कळत नाही, त्याने आधी शब्द कोणत्या घरचा ते पाहावे.

या रीतीची एक मर्यादा मात्र ओळखून असावे. ‘नजरगहाण’ शब्द घ्या. नजर आणि गहाण. वस्तू नुसत्या नजरेने गहाण, म्हणजे ट्रॅक्टर कर्जदाराच्याच अंगणात राहणार आणि बँक लक्ष ठेवणार, इथवर कोणीही पोचेल, आणि ते बरोबरच आहे. पण हप्ते थकले तर बँक तो ट्रॅक्टर केव्हा व कसा ओढून नेऊ शकते, हे त्या शब्दात नाही आणि कोशातही नाही. ते करारपत्राच्या मागच्या पानावरच्या बारीक कलमांत असते. कथा-कादंबरी वाचताना ताडलेल्या अर्थावर खुशाल पुढे जावे. पुढच्या पानावर तो शब्द पुन्हा भेटतो आणि अर्थ चुकला असेल तर आपणहून सांगतो. सही करायच्या कागदावर तो शब्द दुसऱ्यांदा भेटेलच असे नाही. तिथे ताडलेला अर्थ समासात पेन्सिलीने लिहावा आणि सही करण्यापूर्वी समोरच्या अधिकाऱ्याला विचारावे, ‘साहेब, याचा अर्थ मी असा लावला आहे, बरोबर आहे ना?’ ‘याचा अर्थ काय?’ या प्रश्नाला पुष्कळदा घाईचे उत्तर मिळते. पण लावलेला अर्थ पुढे ठेवला, की अधिकाऱ्यालाही ते कलम स्वतः एकदा वाचावे लागते.