बोअरच्या मोटरचा स्टार्टर: जोडणी आणि संरक्षण

बोअरवेलमध्ये सोडलेल्या १ एचपी सिंगल फेज मोटरमधून तीन वायरी वर येतात: रनिंग, स्टार्टिंग आणि कॉमन. मोटरच्या आत दोन वाइंडिंग असतात आणि त्यांची एकेक टोके जोडून कॉमन वायर काढलेली असते. कोणता रंग कशाचा हे प्रत्येक कंपनीनुसार बदलते. केबलला जोड दिला असेल तर रंगावर मुळीच विसंबता येत नाही, म्हणून वायरी मल्टिमीटरने ओळखाव्या लागतात.

दोन-दोन वायरींमधला रोध मोजला आणि समजा, लाल-पिवळीत ३, पिवळी-निळीत ६ आणि लाल-निळीत ९ ओहम आला. सर्वांत जास्त रोध ज्या जोडीत आहे, तिच्याबाहेर उरलेली वायर कॉमन, म्हणजे इथे पिवळी. कॉमनपासून कमी रोध दाखवणारी लाल वायर रनिंगची आणि जास्त दाखवणारी निळी स्टार्टिंगची. रनिंग आणि स्टार्टिंग यांची अदलाबदल झाली तर मोटर उलटी फिरते, पाणी कमी चढते आणि नाजूक स्टार्टिंग वाइंडिंगवर नको तेवढा भार येतो.

जोडणी सुरू करण्यापूर्वी वीज बंद असल्याची टेस्टरने खात्री करावी. मुख्य वाट अशी: फेज आणि न्यूट्रल आधी दोन पोलच्या एमसीबीतून आणि मग कॉन्टॅक्टरमधून जातात. पुढे फेज ओव्हरलोड रिलेतून रनिंगच्या टर्मिनलवर येतो, तर न्यूट्रल थेट कॉमनवर. रनिंग आणि स्टार्टिंग या दोन टर्मिनलांमध्ये रन कंडेन्सर बसतो. तो मोटर चालू असेपर्यंत सर्किटमध्ये राहतो. स्टार्ट कंडेन्सर त्याच दोन टर्मिनलांमध्ये, पण हिरव्या बटणाच्या दुसऱ्या कॉन्टॅक्टमधून जोडतात. बटण दाबले की मोटरला सुरुवातीचा जोर मिळतो, सोडले की हा कंडेन्सर सर्किटबाहेर पडतो. तो क्षणभराच्या कामासाठीच बनवलेला असतो. बटण अडकून राहिले तर तो तापून फुटतो. दोन्ही कंडेन्सरांची मायक्रोफॅरडची किंमत मोटरच्या पट्टीवर किंवा कंपनीच्या माहितीपत्रकात दिल्याप्रमाणेच घ्यावी. पुरवठा बंद केल्यावरही कंडेन्सरमध्ये चार्ज उरतो, म्हणून हात लावण्यापूर्वी तो रेझिस्टरमधून उतरवावा. पॅनेलची पेटी आणि मोटर यांना अर्थिंग हवेच.

कंट्रोल सर्किटची वाट वेगळी. एमसीबीनंतरच्या फेजवरून लाल बटण, ओव्हरलोड रिलेचा बंद कॉन्टॅक्ट, ड्राय रन रिलेचा बंद कॉन्टॅक्ट, हिरवे बटण आणि शेवटी कॉन्टॅक्टरची कॉइल अशी एकाच ओळीत जोडणी होते. कॉइलचे दुसरे टोक न्यूट्रलला. हिरव्या बटणाला समांतर कॉन्टॅक्टरचा सहायक कॉन्टॅक्ट जोडतात, म्हणून बोट काढले तरी कॉइल धरून राहते. ओळीतला कोणताही एक कॉन्टॅक्ट उघडला की कॉइल सुटते आणि मोटर थांबते. वीज जाऊन आली तर मोटर आपोआप सुरू होत नाही, ती पुन्हा बटणानेच चालू करावी लागते.

ओव्हरलोड रिले जास्त करंटवर काम करतो. मोटरच्या पट्टीवर ७.५ अँपिअर लिहिले असेल तर रिलेचा काटा ७.५ वरच ठेवावा. आतली पट्टी तापायला वेळ लागतो, म्हणून सुरू होतानाचा क्षणिक मोठा करंट तो सोडून देतो. मात्र पंप वाळूने अडखळला किंवा व्होल्टेज उतरले आणि करंट वाढून तसाच राहिला, तर तो ट्रिप होतो.

पाणी संपल्यावर नेमके उलटे घडते. पंपावरचा भार हलका झाल्याने करंट घटतो, त्यामुळे ओव्हरलोड रिलेला काहीच जाणवत नाही. पण मोटर थंड ठेवणारे आणि पंपाच्या बुशांना वंगण देणारे पाणीच उरलेले नसते. ड्राय रन रिले हा कमी करंट ओळखतो. पाणी भरपूर असताना अँमीटरवर ७ आणि पंप हवा ओढू लागल्यावर ४.५ अँपिअर दिसत असेल तर रिले ५.५ च्या सुमारास लावता येतो. सुरुवातीचे काही सेकंद तो मोजणी करत नाही, म्हणजे पाइप भरायला वेळ मिळतो. कंडेन्सरच्या सिंगल फेज मोटरमध्ये भार घटला तरी करंट त्या प्रमाणात उतरत नाही, त्यामुळे हे आकडे आपल्याच मोटरवर मोजावे लागतात. दोन वाचनांतले अंतर फार कमी असेल तर बोअरमध्ये इलेक्ट्रोड सोडून पाण्याची पातळी पाहणारा रिले अधिक भरवशाचा.

मोटर थांबली की आधी कोणता रिले ट्रिप झाला ते पाहावे. ड्राय रन असेल तर बोअरमध्ये पाणी साठायला वेळ द्यावा. ओव्हरलोड असेल तर रन कंडेन्सर, व्होल्टेज आणि पंप यांची तपासणी करावी. मोटर गुणगुणते पण फिरत नाही, तेव्हा बहुतेक वेळा दोष कंडेन्सरचा, स्टार्ट बटणाच्या कॉन्टॅक्टचा किंवा अडकलेल्या पंपाचा असतो. वारंवार ट्रिप होतो म्हणून ओव्हरलोडचा काटा पुढे सरकवू नये. त्याने ट्रिप थांबतो, पण वाइंडिंग जळते.