तीन इंच गेले कुठे?

ताईच्या नव्या कपाटात भाऊजींचा लग्नातला कोट अडकवला आणि शटर लागेना. खांदा बाहेर येत होता. हँगर तिरपा केला, कोट मागे ढकलला, तरी बोटभर फट राहिलीच. मिस्त्री म्हणाला, "ताई, एवढं चालतं हो. सगळीकडे एकवीसच करतो आपण." म्हणजे एकवीस इंच. मी टेप लावून पाहिली. बाहेरून, शटरसकट, बरोबर 21 इंच डेप्थ भरली. ड्रॉइंगवर 24 होती आणि त्याखाली दोघांच्या सह्या होत्या.

कपाट 8 फूट रुंद आणि 7 फूट उंच. दर 1,500 रुपये चौरस फूट, म्हणजे 56 फुटांचे 84,000 रुपये. हा दर कपाटाच्या दर्शनी भागावर लागतो हे इथं ध्यानात घ्यायला हवं. रुंदी किंवा उंची कमी केली तर बिल कमी होतं, पण डेप्थ कमी केली तर बिलात एक रुपयाचाही फरक पडत नाही. माल मात्र वाचतो. प्लायची शीट 8 बाय 4 फुटांची असते. त्यातून 24 इंची दोन साइड काढल्या की शीट संपली. 21 इंची दोन काढल्या तर जवळपास 6 इंचांची, पूर्ण लांबीची पट्टी उरते, आणि तिच्यातून ड्रॉवरच्या बाजू आणि खालची स्कर्टिंग निघते. ताईच्या ड्रॉवरच्या बाजू मोजल्या तर साडेपाच इंच भरल्या. करवतीच्या पात्यात थोडा माल जातो, तो धरला तर हिशेब जुळतो.

आता 21 इंचांतून पाऊण इंच शटरचं आणि पाव इंच पाठीच्या प्लायचं वजा करा. आत राहतात 20 इंच. साधा हँगर 17 ते 18 इंचांचा असतो, पण त्यावरच्या कोटाचे खांदे आणि बाह्या त्याच्याही बाहेर येतात. घडीच्या साड्यांना हे कपाट पुरेल, कोट-शेरवानीला नाही.

पुष्कळ जण इथंच फसतात, कारण ड्रॉइंगवर नुसतं '24' असतं. ते आतून की बाहेरून, शटरसकट की शटर सोडून, हे लिहिलेलं नसतं. ताईच्या ड्रॉइंगवर सुदैवानं बाजूचा आडवा छेद काढलेला होता आणि मापाचा बाण पाठीपासून शटरच्या दर्शनी कडेपर्यंत होता. त्यामुळे वादाला जागा उरली नाही.

मापाचं टेपनं कळलं, पण मालाचं तसं कळत नाही, कारण दोन्ही अंगांनी लॅमिनेट चढलेलं असतं. कोटेशनमध्ये '18 एमएम बीडब्ल्यूआर प्लाय, आयएसआय' असं स्पष्ट होतं. मी एका शटरच्या बिजागरीचे स्क्रू सैल केले. ऑटो बिजागरीची वाटी 35 मिलिमीटरच्या गोल खड्ड्यात बसते. ती काढली की खड्ड्याच्या भिंतीवर आतला माल उघडा दिसतो. शटरमध्ये प्लायचे आडवे-उभे थर नीट दिसले. मग साइडवरची, बिजागरी जिथं अडकते ती पट्टी काढली. स्क्रूच्या भोकातून भुसा गळला. थर नव्हतेच, लाकडाचे बारीक कण चिकटवलेले होते. साइड पार्टिकल बोर्डच्या होत्या. हात लागतो ते शटर प्लायचं आणि भार सोसते ती साइड बोर्डची, अशी ही चलाखी होती. बोर्डमध्ये स्क्रू एकदा सैल झाला की पुन्हा तितका घट्ट धरत नाही, आणि फरशी पुसताना तळाला ओल लागत राहिली तर तो फुगतो. ताईच्या कपाटामागे तर बाथरूमची भिंत आहे.

प्लाय की बोर्ड, हे भोकातून कळतं. पण प्लाय असूनही हलका, म्हणजे बीडब्ल्यूआरच्या जागी दुकानात 'कमर्शियल' म्हणून मिळणारा एमआर लावला असेल, तर डोळ्यांना फरक दिसणार नाही. फरक थर जोडणाऱ्या गोंदात असतो. उरलेला तुकडा मिळाला तर तो काही तास पाण्यात उकळून पाहता येतो. थर सुटू लागले तर शंका घ्यायला जागा आहे. पण हा पुरावा नव्हे. पुरावा म्हणजे शीटवरचा आयएसआयचा छाप, प्लायचं खरेदी बिल किंवा प्रयोगशाळेचा अहवाल.

त्या रात्री ताईला फोन करून भांडायचं होतं. मी म्हटलं, आधी लिही. आम्ही कपडे बाहेर काढले आणि कपाट वापरणं थांबवलं. वस्तू विक्रीच्या 1930 च्या कायद्यानुसार माल नाकारल्याचं न कळवता तो वाजवी काळाहून अधिक ठेवून घेतला तर स्वीकारला असं धरलं जातं. म्हणून पहिल्याच आठवड्यात लेखी कळवावं. टेप लावलेले फोटो काढले, भोकाचा जवळून फोटो काढला. कापाकापी मात्र केली नाही, कारण ती पुढं दोघांच्या समक्षच व्हायला हवी. पत्र एका पानाचं होतं. त्यातला गाभा असा:

"सही केलेल्या ड्रॉइंगप्रमाणे बाहेरील डेप्थ 24 इंच ठरली होती, ती प्रत्यक्षात 21 इंच आहे. कोटेशनप्रमाणे साइड बीडब्ल्यूआर प्लायच्या हव्यात, त्या पार्टिकल बोर्डच्या आहेत. फोटो सोबत आहेत. आपण सात दिवसांत समक्ष येऊन पाहावे. साइड, पार्टिशन आणि कप्पे ठरल्या मापात व मालात 21 दिवसांत नव्याने करून द्यावेत. प्लायचे बिल दाखवावे. तोवर शेवटचा 8,400 रुपयांचा हप्ता राखून ठेवत आहे."

'दर्जा खराब आहे', 'फसवणूक केली' असे शब्द त्यात नव्हते. त्यांच्यावर नुसता वाद वाढतो, पण 24 आणि 21 या आकड्यांना उत्तर द्यावंच लागतं. मागणीही तोलून केली होती. दर्शनी माप बरोबर असल्यानं शटर, बिजागऱ्या, हँडल तीच चालणार होती, बदलायचा होता तो आतला सांगाडा. सगळंच कपाट परत न्या म्हटलं असतं तर कारखानदारानं ऐकलं नसतं, आणि तीन-चार हजार सूट घेऊन गप्प बसलो असतो तर कोट बाहेरच राहिला असता. पत्र व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं आणि स्पीड पोस्टनंही.

तो ऐकला नसता तर पुढचा रस्ता ठरलेला होता. आधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद. ती समेट घडवायचा प्रयत्न करते, आदेश देत नाही. मग ग्राहक संरक्षण कायदा 2019 खाली जिल्हा आयोग. ताई राहते त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, वकील सक्तीचा नाही, आणि मोबदला 5 लाखांपर्यंत असेल तर शुल्कही नाही. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची. मालाचा दोष तपासण्यावाचून कळणार नसेल तर आयोग नमुना प्रयोगशाळेत पाठवू शकतो. दोष दूर करणं, बदलून देणं, पैसे परत करणं, भरपाई असे आदेश तो देऊ शकतो. कायद्यात निकालासाठी तीन महिने आणि तपासणी असेल तर पाच महिने धरले आहेत, प्रत्यक्षात त्याहून जास्त लागतात. म्हणून समोरासमोर मिटत असेल तर ते लेखी मिटवणंच बरं.

कारखानदार पाचव्या दिवशी आला. भोकात बोट घालून थोडा वेळ गप्प उभा राहिला. मग म्हणाला, "साइड मी बाहेरून कापून घेतल्या, बघितलं नाही." तो पहिल्यांदा 8,400 मागत होता, काम नंतर. ताईनं नकार दिला. शेवटी पत्राच्याच मागे तारखेसह त्यानं लिहून दिलं: सांगाडा नवा, ड्रॉवरना 18 ऐवजी ड्रॉइंगप्रमाणे 20 इंची चॅनल, शटर जुनीच.

लॅमिनेट चिकटवायच्या दिवशी ताई सकाळीच त्याच्या कारखान्यात जाऊन बसली. प्रत्येक शीटवरचा छाप आणि त्याखालचा परवाना क्रमांक तिनं फोटोत घेतला आणि बीआयएस केअर अ‍ॅपवर तपासला. मग म्हणाली, "आता लावा गोंद."