स्लाइडवर १४ की 14? आधी तक्ता बघा

मराठी प्रेझेंटेशनमध्ये अंक कुठले ठेवायचे, हे मजकुरावरून ठरवू नका. आलेख आणि तक्त्यावरून ठरवा, कारण घोळ तिथेच होतो.

समजा, गावाच्या पाणीपुरवठ्याची स्लाइड आहे. मथळ्यात 'विहिरीची पातळी १४ मीटर' आणि खाली एक्सेलमधून आलेल्या आलेखाच्या अक्षावर 9, 14, 16. मागच्या रांगेतून बघणाऱ्याला १ आणि 9 सारखेच दिसतात, ४ हा 8 वाटतो. म्हणजे १४ चे चक्क 98 होऊ शकतात! दोन्ही लिप्या एका स्लाइडवर आल्या की डोळा प्रत्येक आकड्यापाशी अडखळतो.

श्रोते मराठी वाचणारे असतील, तर मी देवनागरीच निवडते. पण एक्सेलच्या सेलमध्ये थेट १४ टंकू नका. तो आकडा मजकूर समजला गेला तर बेरीजही बिघडते आणि आलेखही. सेलमध्ये 14 च ठेवा आणि फॉरमॅट सेल्समधल्या कस्टम खान्यात हे लिहा:

```
[$-4000439]0
```

किंमत तीच राहते, दिसते मात्र १४. आलेखाच्या अक्षालाही हाच फॉरमॅट द्या.

आलेख दुसऱ्याच्या अहवालातून चित्र म्हणून घेतला असेल, तर त्यातले अंक बदलता येत नाहीत. तो पुन्हा काढणे शक्य नसेल, तर सगळ्या स्लाइड्सवर 14 हेच रूप ठेवा. शेवटी कोपऱ्यातला स्लाइड क्रमांकही तपासा. तो आपोआप येतो आणि बरेचदा इंग्रजी अंकांतच राहून जातो.