फोटोतलं कोष्टक आणि लवचिकतेचा हिशेब

बारावीच्या परीक्षेचे दिवस जवळ आले की अर्थशास्त्र शिकवणाऱ्यांच्या व्हॉट्सॲपवर एकाच जातीचे फोटो येऊ लागतात. पुस्तकाचं किंवा वहीचं पान, त्यावर मागणी-पुरवठ्याचं कोष्टक, एका कोपऱ्यात फोनची सावली आणि खाली प्रश्न: ‘लवचिकता काढा, सीमांत प्राप्ती काढा.’ सूत्रं बहुतेकांना पाठ असतात. चुकतं ते बाकीचंच. तसं एक कोष्टक घेऊ. आकडे हिशेबाच्या सोयीसाठी कल्पिलेले आहेत, माल काकडी.

| किंमत (रु. प्रति किलो) | मागणी (किलो) | पुरवठा (किलो) |
|---|---|---|
| १० | १०० | २० |
| २० | ८० | ४० |
| ३० | ६० | ६० |
| ४० | ४० | ८० |
| ५० | २० | १०० |

हिशेबाला हात घालण्याआधी फोटो तपासायचा. फोन तिरका धरला असेल तर ओळी खालीवर दिसतात आणि ४० च्या किमतीला ६० ची मागणी लावली जाते. ही चूक निदान लवकर कळते, कारण शेवटच्या ओळीला जोडीदार उरत नाही. एखादा आकडा चुकीचा वाचला जातो, ते जास्त फसवं. देवनागरी ४ आणि ५ पुसट छपाईत सहज एकमेकांसारखे दिसतात. समजा, पुरवठ्याच्या रकान्यातला ४० तुम्ही ५० वाचला. मग रकाना होतो २०, ५०, ६०, ८०, १००. किंमत वाढली की पुरवठा वाढतो हा नियम इथेही पाळला गेलाय, त्यामुळे कुणाला शंका येत नाही.

शंका येते ती लागोपाठच्या आकड्यांतला फरक काढल्यावर. खऱ्या रकान्यात तो दर वेळी २० आहे. चुकीच्या रकान्यात ३०, १०, २०, २० असा येतो. एक फरक दहाने जास्त आणि लगेच पुढचा दहाने कमी: मधला एकच आकडा चुकीचा वाचल्याची ही खूण आहे. अर्थात प्रत्येक कोष्टकात फरक सारखेच असतात असं नाही, वक्ररेषेवरची कोष्टकंही पुस्तकांत असतात. म्हणून अशी खूण दिसली की आकडा मनाने दुरुस्त करू नये, मूळ पान बघावं.

समतोल किंमत शोधायला हिशेब लागत नाही. ३० रुपयांना मागणी आणि पुरवठा दोन्ही ६० किलो, तीच ती.

आता लवचिकता. आल्फ्रेड मार्शल यांनी १८९० च्या आपल्या ग्रंथात ही संकल्पना मांडली आणि आजही शाळेत तिचं माप शेकडेवारी पद्धतीनेच शिकवतात: मागणीतील शेकडा बदल भागिले किमतीतील शेकडा बदल. किंमत २० वरून ३० झाली. किमतीत ५० टक्के वाढ. मागणी ८० वरून ६०, म्हणजे २५ टक्के घट. लवचिकता ०.५. (चिन्ह उणे येतं, पण मागणीच्या बाबतीत ते गृहीत धरून सहसा लिहीत नाहीत.)

हाच प्रवास उलटा करू. किंमत ३० वरून २० वर आली: ३३.३ टक्के घट. मागणी ६० वरून ८०: ३३.३ टक्के वाढ. लवचिकता १. त्याच दोन ओळी, तेच आकडे आणि उत्तर दुप्पट! एक मुलगी ०.५ लिहिते, तिची मैत्रीण १ लिहिते आणि दोघी आपापल्या जागी बरोबर असतात. गोम आहे शेकडेवारीच्या पायात. दहा रुपयांचा बदल २० च्या मानाने निम्मा असतो, ३० च्या मानाने एकतृतीयांश. कोष्टकातली उडी जितकी मोठी, तितकी ही तफावत मोठी.

यावर उपाय म्हणजे पाया मधला धरायचा. २० आणि ३० चा मध्य २५, ८० आणि ६० चा मध्य ७०. मागणीतला बदल २०/७०, किमतीतला १०/२५. भागाकार सुमारे ०.७१. वर जा की खाली या, उत्तर तेच राहतं. पुढच्या दोन ओळींत, ३० ते ४० मध्ये, याच रीतीने १.४ येतं. मागणीची रेषा सरळ आहे, दर दहा रुपयांना वीस किलोच कमी होतात, तरी लवचिकता मात्र बदलत जाते. उतार आणि लवचिकता एकच समजणाऱ्यांनी हे दोन आकडे शेजारी लिहून पाहावेत.

पुरवठ्याची गंमत वेगळी. या कोष्टकात पुरवठा दर वेळी किमतीच्या दुप्पट आहे, म्हणजे त्याची रेषा आलेखाच्या आरंभबिंदूतून जाते. अशा रेषेवर कुठल्याही दोन ओळी घ्या, पाया कुठलाही धरा, लवचिकता १ च येते.

सीमांत प्राप्तीसाठी आधी एकूण प्राप्ती हवी, म्हणजे किंमत गुणिले मागणी. इथे हमखास होणारी चूक म्हणजे किमतीला पुरवठ्याने गुणणं. ४० रुपयांना विक्रेते ८० किलो आणायला तयार आहेत हे खरं, पण घेणारे ४० किलोच घेतात. गल्ल्यात १,६०० रुपये येतात, ३,२०० नव्हे. किंमत ५० पासून उतरत आलो तर एकूण प्राप्ती अशी मिळते: १,०००, १,६००, १,८००, १,६००, १,०००.

विक्री २० किलोवरून ४० वर गेली तेव्हा प्राप्ती ६०० रुपयांनी वाढली. पुष्कळ वह्यांत सीमांत प्राप्ती म्हणून हेच ६०० लिहिलेले असतात. पण सीमांत म्हणजे एका जादा नगामागे. वाढ २० किलोंची आहे, म्हणून ६०० भागिले २०: किलोमागे ३० रुपये. पुढे १०, मग उणे १०, मग उणे ३०. हे आकडे दोन ओळींच्या मधले आहेत, कुठल्याही एका ओळीसमोर लिहिले की आलेख सरकतो.

दोन्ही उत्तरं एकमेकांशी ताडून पाहता येतात. सीमांत प्राप्ती म्हणजे किंमत गुणिले (१ वजा लवचिकतेचा व्यस्त). ३० ते ४० च्या मध्यावर किंमत ३५, लवचिकता १.४, तिचा व्यस्त सुमारे ०.७१४. हिशेब करा, बरोबर १० येतात. २० ते ३० मध्ये उणे १० येतात. लवचिकता एकापेक्षा कमी असताना किंमत उतरवून जास्त माल विकला तर गल्ला घटतो, हे त्या उणे चिन्हाने सांगितलं. हे ताडून पाहणं मधल्या पायाच्या लवचिकतेशीच जमतं. ०.५ घेतलं तर जुळणार नाही.

राहिला प्रश्न फोटोत कापल्या गेलेल्या मथळ्याचा. मागणी किलोत आहे की क्विंटलमध्ये, हे दिसत नसेल तरी लवचिकता बिनधास्त काढा, शेकडेवारीत एकक उरतच नाही. सीमांत प्राप्तीचं तसं नाही. मागणी क्विंटलमध्ये असेल तर किलोमागचे १० रुपये क्विंटलमागे १,००० होतात आणि एकूण प्राप्ती १,८०० ऐवजी १,८०,००० होते. तेव्हा मुलांनो, फोटो काढताना फोन पानावर सरळ धरा, मथळ्याची ओळ चौकटीत घ्या आणि उत्तराखाली कुठली किंमत पाया धरली ते एका ओळीत लिहा. ती ओळ नसेल तर तुमचं ०.५ चूक की बरोबर, हे तपासणाऱ्यालाही ठरवता येणार नाही.