आठच्या फेरीतल्या चुका

वॉर्डातली चुकांची नोंदवही उघडली, तर बहुधा ती जवळजवळ कोरी असते. ती पाहून निश्चिंत होणे किती धोक्याचे आहे, हे अमेरिकेत २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने दाखवले. ३६ रुग्णालये आणि शुश्रूषा केंद्रांमध्ये अडीच हजारांवर डोस तपासले गेले. त्यांत ४५७ चुका झाल्याचे पडताळणीअंती ठरले. औषध देणाऱ्या परिचारिकेच्या शेजारी उभे राहून पाहणाऱ्या निरीक्षकांना त्यांतल्या ३०० दिसल्या, केसपेपर चाळणाऱ्यांना १७ सापडल्या, आणि चूक झाल्याची रीतसर नोंद मात्र फक्त एका ठिकाणी होती.

चूक म्हणजे इथे काही भयंकरच असले पाहिजे असे नाही. डॉक्टरांनी लिहिलेले आणि रुग्णाला मिळालेले यांत फरक पडला, की ती चूक. त्याच संशोधकांच्या दुसऱ्या अहवालात जवळपास दर पाच डोसांमागे एक चुकलेला होता. या चुकांपैकी ४३ टक्के वेळेच्या होत्या आणि ३० टक्के डोस राहून गेल्याच्या. ज्याची बातमी होते ते चुकीचे इंजेक्शन क्वचित घडते; रोज घडते ते उशिरा मिळालेले इन्सुलिन आणि न मिळालेली अँटिबायोटिकची गोळी.

अशा रोजच्या चुका कमी करण्यासाठी जगभरच्या रुग्णालयांत जी पद्धत वापरतात तिला पीडीएसए म्हणतात: आखणी करायची, करून पाहायचे, जे दिसले त्याचा अभ्यास करायचा आणि पुढचे पाऊल ठरवायचे. तिचे मूळ कारखान्यात आहे. वॉल्टर शूहार्ट या अमेरिकी अभियंत्याच्या कल्पनेला एडवर्ड्स डेमिंग यांनी वाढवले आणि युद्धोत्तर जपानच्या उद्योगांनी ती उचलली. कागदावर ती अगदी साधी वाटते. प्रत्यक्षात ती कशी चालवायची, हे एक वॉर्ड डोळ्यांसमोर ठेवून पाहू. वॉर्ड आणि त्याचे आकडे समजुतीसाठी कल्पिलेले आहेत, पण अडचणी खऱ्या आहेत.

समजा, तीस खाटांचा पुरुषांचा मेडिकल वॉर्ड आहे. सकाळी आठच्या फेरीला एक सिस्टर ट्रॉली घेऊन निघते आणि शंभराच्या आसपास डोस देते. काही औषधे रुग्णालयाच्या भांडारातून येतात, काही नातेवाईक बाहेरच्या मेडिकलमधून आणून खाटेशेजारच्या कपाटात ठेवतात.

पहिले पाच आठवडे काहीही बदलायचे नाही, फक्त पाहायचे. हा संयम सर्वांत जड जातो, कारण चूक म्हटली की कोणाला तरी मेमो देण्याची आपल्याकडे सवय आहे. आठवड्यातून दोन सकाळी दुसऱ्या वॉर्डातली सिस्टर किंवा फार्मासिस्ट सोबत फिरतो आणि चाळीस डोस पाहतो. कोणते औषध, किती, कसे आणि कधी दिले एवढेच तो टिपतो. ट्रीटमेंट शीट नंतर उघडून ताडून पाहतो. आधी वाचले तर जे दिसायला हवे तेच दिसते. सिस्टरचे नाव कुठेही लिहायचे नाही. रुग्णाला अपाय होईल असे काही घडताना दिसले तर निरीक्षकाने तिथल्या तिथे थांबवायचे, आणि तरीही ती चूक मोजायची.

दहा सकाळींच्या चारशे डोसांत ७२ चुका निघाल्या, म्हणजे १८ टक्के. ३० डोस तासाभरापेक्षा जास्त उशिरा दिलेले होते आणि २२ दिलेच गेले नव्हते. नऊ ठिकाणी मात्रा चुकली होती, सहा ठिकाणी देण्याची पद्धत, जसे जेवणाआधीचे औषध जेवणानंतर, आणि बाकी पाच किरकोळ. हे दहा आकडे तारखेनुसार आलेखावर ठिपक्यांनी मांडायचे आणि त्यांच्या मधल्या मूल्याची आडवी रेघ ओढायची. ती १८ वर येते असे धरू. पुढचा निवाडा याच रेघेवरून होणार आहे.

आता उद्दिष्ट लिहायचे: चार महिन्यांत आठच्या फेरीतल्या चुका १८ वरून ९ टक्क्यांवर आणणे. ‘रुग्णसुरक्षा वाढवणे’ असे लिहिले तर ते साधले की नाही हे कोणालाच सांगता येणार नाही. चुकांच्या प्रमाणाबरोबर आणखी दोन गोष्टी मोजायच्या: फेरीत सिस्टरला किती वेळा अडवले गेले, आणि फेरीला किती वेळ लागला. दुसरा आकडा राखणीसाठी आहे. चुका कमी झाल्या पण फेरी दुपारपर्यंत लांबली, तर आपण एक दुखणे काढून दुसरे लावले.

अडवणुकीकडे लक्ष देण्याला कारण आहे. सिडनीच्या दोन मोठ्या रुग्णालयांत योहाना वेस्टब्रुक आणि सहकाऱ्यांनी चार हजारांवर डोस पाहिले. निम्म्याहून अधिक वेळा परिचारिकेच्या कामात व्यत्यय आला होता. व्यत्यय नसताना गंभीर चुकीची शक्यता २.३ टक्के होती. एकाच डोसात चार व्यत्यय आले तेव्हा ती ४.७ टक्क्यांपर्यंत गेली.

म्हणून पहिले चक्र: ‘औषधे देत आहे, कृपया थांबा’ असे लिहिलेला लाल एप्रन. एक सिस्टर, एक सकाळ, एक ट्रॉली. सुरू करण्याआधी अंदाज लिहून ठेवायचा: फेरीत सध्या सरासरी १८ वेळा अडवतात, ते ८ वर येईल. अंदाज आधी लिहिला नाही, तर नंतर जे घडेल ते अपेक्षितच होते असे वाटू लागते आणि शिकणे तिथेच थांबते.

त्या सकाळी १४ वेळा अडवले गेले. अंदाज चुकला, आणि या चक्राचे खरे मोल त्या चुकण्यातच आहे. नातेवाईक एप्रन पाहून थांबले होते. चौदापैकी दहा वेळा अडवणारे वॉर्डातलेच होते: कपाटाची किल्ली मागणारे मामा, फाईल विचारणारे इंटर्न, वाजणारा फोन. शिवाय उन्हाळ्यात एप्रन फार उकडतो असे सिस्टरने सांगितले. वेस्टब्रुक यांच्याच २०१७ च्या प्रयोगात, असेच जॅकेट घालून व्यत्यय घटले खरे, पण परिचारिकांना ते अवजड आणि गरम वाटले, आणि ते कायमचे धोरण करायला निम्म्यांहून कमी जणी राजी होत्या. एकदम तीस एप्रन शिवून घेतले असते तर हे खर्च झाल्यावर कळले असते.

दुसऱ्या चक्रात एप्रन बाजूला ठेवला. फेरीच्या वेळेपुरत्या किल्ल्या आणि फोन दुसऱ्या सिस्टरकडे द्यायचे आणि इंटर्नची फाइलींची विचारणाही तिच्याकडेच वळवायची. पुन्हा एकच सकाळ. अडवणूक सहावर आली. मग तीन सकाळी, मग वेगळ्या सिस्टरबरोबर, मग रविवारी. रविवारी हाताशी दुसरी सिस्टरच नव्हती आणि व्यवस्था कोसळली. तेव्हा किल्ली इन्चार्ज सिस्टरच्या टेबलाच्या खणात ठेवायची असे ठरले.

तरीही राहून गेलेले २२ डोस तसेच होते, कारण त्यांचा अडवणुकीशी संबंधच नव्हता. प्रत्येकाच्या मागे जाऊन विचारल्यावर कळले, १३ वेळा औषधच वॉर्डात नव्हते: भांडारात संपलेले, किंवा नातेवाईक आणायला गेलेले. पाच वेळा रुग्ण सोनोग्राफीला गेला होता आणि परतल्यावर डोस द्यायचा कोणाच्या ध्यानात राहिले नाही. चार वेळा रात्री लिहिलेली नवी ऑर्डर दिसलीच नव्हती.

तिसरे चक्र त्या तेरांसाठी. दुपारी चारला दहा खाटांपुरती दुसऱ्या दिवशीच्या आठच्या औषधांची जुळणी करायची. जे नाही त्याचा इंडेंट भांडार बंद होण्याआधी पाठवायचा, आणि बाहेरून आणायचे असेल तर चिठ्ठी नातेवाइकाच्या हातात तेव्हाच द्यायची. जुळणी सुटसुटीत झाली, पण दोन नातेवाइकांकडे पैसेच नव्हते. ती अडचण यादीने सुटणारी नव्हती. तिथे डॉक्टरांना विचारून भांडारात उपलब्ध असलेले पर्यायी औषध लिहून घ्यावे लागले, आणि हा विचार चार वाजताच करायचा असा बदल चौथ्या चक्रात आला.

उशिराच्या तीस डोसांचे कारण आलेख नव्हे, नकाशा सांगतो. ते बहुतेक शेवटच्या दहा खाटांवरचे होते. फेरी नेहमी एकच्या खाटेपासून सुरू होते आणि तिसाव्या खाटेवरच्या मधुमेही रुग्णाचा नाश्ता इन्सुलिनच्या आधी उरकतो. वेळेचे बंधन असलेली औषधे कोणती, हे डॉक्टर आणि फार्मासिस्टबरोबर ठरवून ती खाटांच्या क्रमाबाहेर आधी द्यायची, एवढाच इथला बदल.

सुधारणा झाली हे कधी म्हणायचे? एखाद्या सकाळी ८ टक्के आले म्हणजे नव्हे. तो योगायोग असू शकतो. ओळीने सहा ठिपके जुन्या रेघेच्या खाली पडले, तर मात्र काहीतरी खरेच बदलले आहे असे मानण्याची रीत आहे. आणि ठिपके खाली जाताना सह्यांकडेही पाहायचे. शीटवर सगळ्या सह्या बरोबर आठच्या दिसू लागल्या, किंवा गोळ्या आधीच काढून वाट्यांत भरलेल्या आढळल्या, तर चुका घटल्या नसून लपल्या आहेत. निरीक्षक सोबत फिरत राहिला पाहिजे तो यासाठी.

या पद्धतीला मर्यादा आहेत. चारशे डोसांत भलत्याच रुग्णाला दिलेले एकही औषध दिसले नाही, तरी प्रत्यक्षात अशी चूक हजारात सात डोसांपर्यंत होत असू शकते. एवढी विरळ गोष्ट चाळीस-चाळीस डोस पाहून पकडता येत नाही. आणि काही धोक्यांवर प्रयोग करायचाच नसतो. संहत पोटॅशियम क्लोराइडच्या कुप्या वॉर्डच्या ट्रॉलीत असतील तर त्या आजच काढायच्या, एका सकाळीपुरत्या नव्हे. तीस रुग्णांमागे एक सिस्टर हे गणितही कुठलेही चक्र बदलू शकत नाही. मात्र दुसरी सिस्टर किल्ल्या सांभाळायला असताना आणि नसताना किती चुका झाल्या, याचा आलेख हाती असला तर माणसे मागणाऱ्या अर्जाला वजन येते.

प्रसिद्ध झालेल्या पीडीएसए प्रकल्पांची २०१४ साली एक पाहणी झाली. ७३ लेखांपैकी अवघ्या १४ मध्ये एकामागून एक चक्रे केल्याची पूर्ण नोंद होती. बाकीच्यांत ती नव्हती. आपल्या वॉर्डात रेघ खाली आली की एक मोह होईल: परिपत्रक काढून सगळे वॉर्ड एका दिवसात. पण बाळंतिणींच्या वॉर्डात अडवणारे वेगळे असतात, किल्ली वेगळ्या मावशीकडे असते आणि औषधे वेगळ्या वेळेला येतात. तिथेही पहिल्या सकाळी एकच सिस्टर, एकच ट्रॉली, आणि त्याआधी पाच आठवडे नुसते पाहणे.