काम केलं तरी ‘बिनपगारी’? एचआरकडे नेमकं काय मागायचं

बेळगाव : पगाराचा मेसेज येतो, रक्कम कमी दिसते. स्लिप उघडली की ‘एलओपी 4 दिवस’ अशी नोंद. एलओपी म्हणजे लॉस ऑफ पे, आपल्या भाषेत बिनपगारी. रजा घेतली असेल तर तक्रार नाही, पण त्या दिवशी माणूस कामावरच होता! उद्यमबाग, मच्छे भागातल्या कारखान्यांतून गोवा, कोल्हापूरला साइटवर जाणाऱ्यांच्या वाट्याला हे जास्त येतं. कारण साधं आहे. पंचिंग मशीन कारखान्याच्या गेटवर आणि माणूस चोर्ला घाटाच्या पलीकडे.

एक उदाहरण घेऊ. मशीन दुरुस्ती करणारा एक टेक्निशियन, महिना 24 हजार पगार, त्यात बेसिक आणि डीए मिळून 15 हजार. कंपनीने त्याला वेर्णाच्या एका कारखान्यात मशीन बसवायला पाठवलं. 12 जून शुक्रवार, 13 शनिवार आणि 15 सोमवार असे तीन दिवस त्याने काम केलं, मधल्या रविवारी सुट्टी होती. सुपरवायझरने ‘ऑन ड्युटी’ची मंजुरी द्यायची होती, ती राहून गेली. कंपनीची हजेरी दर 25 तारखेला बंद होते. त्या दिवशी मंजुरी नाही म्हटल्यावर सॉफ्टवेअरने तीन दिवस गैरहजेरी धरली. वर दोन गैरहजेऱ्यांच्या मध्ये सुट्टी आली की तीही बिनपगारी, या ‘सँडविच’ नियमाने रविवारही गेला. जूनचे दिवस 30, म्हणून दिवसाला 800 रुपये. चार दिवसांचे 3,200 कापले.

आता बहुतेकांची गफलत इथे होते. सुपरवायझरला फोन केला, त्याने मागच्या तारखेची मंजुरी देऊन टाकली, ॲपवर लाल ‘ए’ जाऊन हिरवा ‘पी’ आला. माणूस खूश. पण पगाराचा हिशेब एकदा बंद झाला की हजेरी दुरुस्त केल्याने पैसे आपोआप परत येतीलच असं नाही. हजेरीची नोंद वेगळी आणि पगाराचा हिशेब वेगळा. बऱ्याच ठिकाणी एचआरला पुढच्या पगारात ‘एलओपी रिव्हर्सल’ म्हणून ते दिवस हाताने भरावे लागतात. ते कुणी सांगितल्याशिवाय होत नाही.

म्हणून दोन ओळींचा व्हॉट्सॲप पुरत नाही. ईमेल करावा, सुपरवायझरला प्रत ठेवावी. मजकूर साधारण असा :

“विषय : जून महिन्यातील 4 दिवसांची बिनपगारी रद्द करणेबाबत.

जूनच्या पगारपत्रकात 12 ते 15 जून हे 4 दिवस एलओपी दाखवून 3,200 रुपये कमी केले आहेत. 12, 13 आणि 15 जून रोजी मी कंपनीच्या सूचनेनुसार वेर्णा येथील ग्राहकाच्या कारखान्यात कामावर होतो. 14 जून रोजी साप्ताहिक सुट्टी होती. ग्राहकाची सही व शिक्का असलेला सर्व्हिस रिपोर्ट आणि सुपरवायझरांचा 11 जूनचा मेसेज सोबत जोडला आहे. कृपया हे 4 दिवस जूनच्याच दराने एलओपी रिव्हर्सल म्हणून परत घ्यावेत, माझ्या रजेतून वजा करू नयेत आणि पीएफच्या फरकासह जुलैच्या पगारात द्यावेत. कोणत्या पगारात हे होईल ते कृपया कळवावे.”

खाली नाव आणि कर्मचारी क्रमांक. कंपनीचा व्यवहार इंग्रजीत असेल तर हेच मुद्दे याच क्रमाने इंग्रजीत. कुणाची चूक झाली ते लिहायची गरज नाही. त्याने सुपरवायझर सावध होतो आणि मंजुरी आणखी लांबते.

पुरावा म्हणून सर्व्हिस रिपोर्टला तोड नाही, कारण तो तिऱ्हाइताच्या सहीचा असतो. तिथल्या गेटवरची नोंदही चालते. कदंबच्या बसचं तिकीट एवढंच सांगतं की तुम्ही गोव्याला गेलात. तिथे काम केलं की मिरामारला फिरलात, ते तिकिटावर लिहिलेलं नसतं.

पत्रातल्या शेवटच्या मागण्या उगाच घातलेल्या नाहीत. एकेक पाहू.

‘रजेतून वजा करू नयेत’ का? एचआरला सगळ्यात सोपा मार्ग तोच असतो. “तुमच्या खात्यात ईएल आहेत ना, त्या लावून टाकते, पैसे येतील.” पैसे येतात खरे, पण काम केलेल्या दिवसांसाठी आपल्या हक्काच्या रजा खर्ची पडतात. हे रिव्हर्सल नव्हे.

‘जूनच्याच दराने’ का? जुलैचे दिवस 31. जूनचे चार दिवस जुलैच्या दराने मोजले तर दिवसाला 774 रुपये पडतात आणि चार दिवसांचे 3,097 होतात. म्हणजे 103 रुपये कमी. रक्कम छोटी, पण ज्या भागाकाराने कापलं त्याच भागाकाराने परत यायला हवं. काही कंपन्या 26 ने भागतात. आपल्या स्लिपवर काय आहे ते आधी पाहावं.

आणि पीएफ. हा मुद्दा बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. चार दिवस बिनपगारी धरल्यावर बेसिक-डीए 15 हजारांवरून 13 हजारांवर आलं. त्यामुळे 12 टक्क्यांनी पीएफ 1,800 ऐवजी 1,560 कापला गेला. 240 रुपये आपल्या बाजूने कमी, तेवढेच कंपनीच्या बाजूने कमी. शिवाय पीएफच्या मासिक रिटर्नमध्ये हे चार दिवस ‘एनसीपी’, म्हणजे वर्गणी नसलेले दिवस म्हणून जातात. पेन्शनसाठी सेवा मोजताना ते धरले जात नाहीत.

आता एचआरने 3,200 रुपये ‘इन्सेंटिव्ह’ किंवा ‘इतर भत्ता’ या नावाखाली टाकले तर काय होईल? हातात पूर्ण 3,200 पडतील. रीतसर रिव्हर्सलमध्ये पीएफचे 240 कापून 2,960 च मिळाले असते. त्यामुळे भत्ता गोड वाटतो. पण कंपनीचे 240 बुडतात आणि रेकॉर्डवर चार दिवस गैरहजेरी कायम राहते. जुलैच्या स्लिपवर जूनच्या चार दिवसांचा फरक वेगळा दिसतो का आणि काही दिवसांनी पीएफच्या पासबुकात 480 ची भर पडते का, हे दोन्ही तपासावं.

जुलैच्या पगारातही काही झालं नाही तर त्याच ईमेलला उत्तर म्हणून आठवण पाठवावी, नवा ईमेल सुरू करू नये. पहिल्या अर्जाची तारीख त्यामुळे पुढे दिसत राहते.

कायद्याचं बोलायचं तर 21 नोव्हेंबर 2025 पासून वेतन संहिता 2019 लागू झाली आहे. गैरहजेरीसाठी पगार कापता येतो, पण जितका काळ गैरहजर त्याच प्रमाणात. कामाचे दिवस गैरहजेरीत धरून केलेली कपात त्यात बसत नाही. बेकायदा कपातीविरुद्ध नेमलेल्या प्राधिकाऱ्याकडे तीन वर्षांच्या आत दावा करता येतो आणि तो कर्मचाऱ्याच्या वतीने युनियनलाही करता येतो. अर्थात 3,200 रुपयांसाठी तिथपर्यंत जायची वेळ सहसा येत नाही. सही-शिक्क्याचा रिपोर्ट जोडलेला असला की बहुतेक एचआर पुढच्या पगारात मिटवतात. अडतं ते कागद नसलेल्यांचं. म्हणून साइटवरून निघण्याआधी रिपोर्टवर तिन्ही तारखा वेगवेगळ्या लिहून घ्याव्यात. ‘काम पूर्ण, 15 जून’ एवढ्याच शेऱ्याने एकच दिवस सिद्ध होतो.