‘यथावकाश’ म्हणजे नेमके कधी?

एका कामगार बंधूने पॅकिंग खात्यातले एक पत्र वाचायला आणून दिले. कारखान्याचे नाव येथे देत नाही. पत्रात लिहिले होते, “मनुष्यबळाच्या पुनर्रचनेच्या प्रक्रियेत आपणांस सेवामुक्त करण्यात येत आहे. आपली देणी यथावकाश अदा होतील. उज्ज्वल भवितव्यासाठी शुभेच्छा!” शेवटचा दिवस कोणता, पैसे किती, कधी मिळणार, यापैकी एकही गोष्ट नाही. शुभेच्छा मात्र आहेत!

तेच पत्र आम्ही माणसासारखे लिहून पाहिले.

“दि. 28 मार्च 2026. पॅकिंगचे मोठे काम बंद झाले, म्हणून आम्ही तुम्हाला कामावरून कमी करीत आहोत. यात तुमच्या कामाचा दोष नाही. तुमचा शेवटचा दिवस 30 एप्रिल 2026. तुम्ही 1 ऑगस्ट 2017 रोजी लागलात, म्हणजे 8 वर्षे 9 महिने झाले. सहा महिन्यांवरचा काळ पूर्ण वर्ष धरला जातो, म्हणून सेवा 9 वर्षे. तुमचे मासिक वेतन 15,600 रुपये. दर वर्षाला 15 दिवसांप्रमाणे कपातीची भरपाई 70,200 रुपये, ती 30 एप्रिललाच मिळेल. एप्रिलचा पगार आणि शिल्लक रजेचे पैसे 4 मेपर्यंत. ग्रॅच्युइटी 81,000 रुपये, 30 मेपर्यंत. कौशल्य निधीचे 15 दिवसांचे वेतन 14 जूनपर्यंत तुमच्या खात्यात जमा होईल. वर्षभरात पुन्हा भरती निघाली तर आधी तुम्हाला बोलावू.”

भरपाई आणि ग्रॅच्युइटी दोन्ही 15 दिवसांच्याच हिशोबाने, मग आकडे वेगळे का? ग्रॅच्युइटीत महिना 26 दिवसांचा धरतात. रोज 600 रुपये, गुणिले 15, गुणिले 9. भरपाईत मात्र मासिक पगारदाराला अर्धा महिना, म्हणजे 7,800 रुपये, गुणिले 9. ही दोन कलमे वेगळी आहेत. एकच रक्कम दाखवून दुसरी गिळली जाते, ती इथेच.

21 नोव्हेंबर 2025 पासून औद्योगिक संबंध संहिता लागू आहे. तिच्यानुसार वर्षभर सलग काम केलेल्या कामगाराला कारणासह महिन्याची लेखी नोटीस, नाहीतर महिन्याचा पगार, आणि भरपाई द्यावी लागते. या कपातीच्या आधीच्या अटी आहेत. भरपाई ‘यथावकाश’ ठेवली तर कपातच बेकायदा ठरू शकते. 300 किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्याला तर आधी सरकारची परवानगी हवी. पर्यवेक्षक, व्यवस्थापक यांचे गणित वेगळे.

आणखी एक शब्द तपासा. पत्रात ‘ले-ऑफ’ लिहिले असेल तर कायद्यात त्याचा अर्थ काम तात्पुरते थांबले, नोकरी चालूच, असा होतो. तेव्हा साधारणपणे मूळ पगार आणि महागाई भत्ता यांच्या बेरजेच्या निम्मी रक्कम मिळते. ‘ले-ऑफ’ म्हणून घरी बसवायचे आणि नंतर हजेरीपटावरून नाव गाळायचे, हा प्रकार जुनाच.

त्या बंधूला एवढेच सांगितले की पत्र घ्यायला नकार देऊ नकोस. पोच देताना सहीखाली तारीख घाल आणि ‘हिशोब मान्य नाही’ असे लिही. कोऱ्या ‘फुल अँड फायनल’वर मात्र सही करू नकोस.